पत्रात २२००, हातात १११० : पहिल्या पगाराचा हिशेब

लेस्टरमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलेल्या मुलीने आपली पहिली पे स्लिप आमच्याकडे पाठवली. खाली एकच ओळ होती : "दादा, निम्मेच पैसे आलेत. मला फसवलं का?"

आपण तिला स्वाती म्हणू. वय चोवीस, गाव सांगलीकडचं. नवरा २०२३ मध्ये केअर वर्कर म्हणून इंग्लंडला आला, त्याच्या व्हिसावर ही डिपेंडंट म्हणून आली. दोन वर्षं घरीच होती. ८ सप्टेंबर २०२५ ला पहिली नोकरी लागली. ऑफर लेटरवर लिहिलं होतं : वर्षाला २६,४०० पाउंड, आठवड्याला साडेसदतीस तास. तिने बाराने भागलं, महिन्याला २२०० आले. त्या आकड्यावर घरभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं मांडून झालं. ३० सप्टेंबरला बँकेत आले १११० पाउंड ६४ पेन्स.

नवरा इथे येण्याआधी दुबईत होता. तो म्हणाला, "तिकडे ठरलेला पगार हातात पडायचा. इथं काहीतरी घोळ आहे." सुपरवायझर म्हणाला, "इमर्जन्सी टॅक्स आहे, सगळ्या नव्या लोकांचा कापतात." मैत्रीण म्हणाली, "पेन्शन बंद कर, तीच खाते पैसे." तिघांचंही थोडं थोडं खरं होतं. त्यामुळेच गोंधळ जास्त झाला.

पगार कमी आला, ही एक तक्रार नसते. तिच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं. स्वातीच्या १०८९ पाउंड ३६ पेन्सच्या तुटीत पाच गोष्टी होत्या. एक साधा हिशेब होता, एक परत मिळणारी रक्कम होती, एक कायमची गेलेली, एक तिचीच पण दुसऱ्या खिशात ठेवलेली. आणि एक मालकाने हक्क नसताना कापलेली. पंचाईत अशी की तिचा सगळा राग पहिल्या दोन मोठ्या आकड्यांवर होता. शेवटच्या आकड्याबद्दल ती चकार शब्द बोलत नव्हती. तो योग्यच असणार, असं तिने धरून चाललं होतं.

पहिले ५०० : अर्धवट महिना

ती कामावर लागली आठ तारखेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे कामाचे दिवस बावीस होते. त्यांतले तिचे भरले सतरा. २२०० ला २२ ने भागून १७ ने गुणलं की १७०० येतात. स्लिपवर ग्रॉस पे म्हणून हाच आकडा होता. म्हणजे पाचशे पाउंड कुणी कापले नाहीत, ते तिने अजून कमावलेच नव्हते.

हे भागायचं कसं, याची एकच पद्धत नाही. कुणी कामाचे दिवस धरतो, कुणी महिन्याचे तीस दिवस धरून त्यातले तेवीस देतो, कुणी वर्षाचे २६० कामाचे दिवस धरतो. स्वातीच्या बाबतीत या तीन पद्धतींत जास्तीत जास्त चाळीसेक पाउंडांचा फरक पडला असता. कोणती पद्धत लागू, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये बघायचं. तिच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कामाचे दिवस असंच होतं. तेव्हा इथे भांडण नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ब्रिटनमधल्या ऑफर लेटरवरचा आकडा हा कपातीआधीचा असतो. आपल्याकडच्या सीटीसीसारखा मालकाचा पीएफ त्यात मिसळलेला नसतो, पण हातात पडणारा पगारही तो नसतो. २६,४०० च्या पगारावर पूर्ण महिना, पूर्ण वर्ष काम केलं, टॅक्स कोड बरोबर असला आणि पेन्शन चालू असली, तर २०२५-२६ च्या दरांनी इंग्लंडमध्ये हातात साधारण १८१० पाउंड पडतात. घरभाड्याचा हिशेब १८१० वर मांडायचा, २२०० वर नाही.

पुढचे ३४० : चुकीचा टॅक्स कोड

स्लिपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टॅक्स कोड छापलेला असतो. स्वातीच्या स्लिपवर `0T M1` होता. सगळी गोम इथे होती.

ब्रिटनमध्ये टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं. या वर्षातल्या पहिल्या १२,५७० पाउंड कमाईवर बहुतेकांना इन्कम टॅक्स नसतो. त्याच्या वर इंग्लंडमध्ये २० टक्क्यांचा पहिला टप्पा लागतो. ही बिनटॅक्सची सूट वर्षभराची असते. तुम्ही एप्रिलमध्ये लागा की सप्टेंबरमध्ये, पूर्ण सूट तुमचीच. नेहमीचा कोड `1257L` म्हणजे हीच सूट धरा, असा पेरोलला दिलेला निरोप. `0T` म्हणजे सूट शून्य, पहिल्या पाउंडापासून टॅक्स लावा. आणि `M1` म्हणजे मागचे महिने बघू नका, हा एकच महिना स्वतंत्र धरा. म्हणून १७०० चे २० टक्के, सरळ ३४० पाउंड कापले गेले.

असा कोड का पडला? नवीन माणूस कामावर आला की मालक त्याच्याकडे P45 मागतो. P45 म्हणजे आधीची नोकरी सोडताना मिळणारा कागद. स्वातीची ही पहिलीच नोकरी, तिच्याकडे तो असणार कुठून? अशा वेळी स्टार्टर चेकलिस्ट नावाचा फॉर्म भरायचा असतो. त्यात ए, बी, सी अशी तीन विधानं असतात आणि त्यांतलं एक निवडायचं असतं. ए म्हणजे ६ एप्रिलपासून ही माझी पहिलीच नोकरी, बेकारीचा वगैरे भत्ताही घेतलेला नाही, पेन्शनही नाही. बी म्हणजे ६ एप्रिलनंतर आधी एक नोकरी होती किंवा तसा भत्ता घेतला, पण आता दुसरी नोकरी नाही. सी म्हणजे याबरोबर माझी दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे. स्वातीला ई-मेलने फॉर्म आला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख तिने भरली. ए, बी, सीचा अर्थ लागेना, चुकीचं काही लिहायला नको म्हणून तो रकाना कोरा ठेवून पाठवला. पेरोलकडे माहिती नसली की नियमाने `0T M1` लावावा लागतो. तो पेरोलने लावला.

म्हणजे ३४० पाउंड मालकाच्या खिशात गेले नाहीत. ते एचएमआरसीकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे गेले. पण सुपरवायझरचं "सगळ्या नव्या लोकांचा कापतात" हेही बरोबर नाही. ए निवडला असता तर तिला सुरुवातीपासून `1257L` मिळाला असता आणि त्या महिन्यात टॅक्स शून्य आला असता. कारण सप्टेंबरअखेर हा टॅक्स वर्षाचा सहावा महिना धरतात. सहा महिन्यांची सूट होते ६२८५ पाउंड, आणि तिची वर्षातली कमाई त्या दिवशी फक्त १७०० होती.

हा कोड तसाच राहिला असता तर काय झालं असतं, तेही बघा. सप्टेंबर ते मार्च तिची एकूण कमाई १४,९०० पाउंड. त्यातून १२,५७० वजा केले की उरतात २३३०, त्यावर २० टक्के म्हणजे वर्षाचा खरा टॅक्स ४६६ पाउंड. `0T M1` वर मात्र पहिल्या महिन्यात ३४० आणि पुढे दरमहा ४४० असे मार्चपर्यंत २९८० कापले गेले असते. अडीच हजार पाउंड जास्तीचे! वर्ष संपल्यावर एचएमआरसी हिशेब जुळवतं आणि जास्तीचे पैसे परत करतं, हे खरं. पण तोवर पत्ता बदललेला असतो, नाहीतर माणूस गावी परतलेला असतो. म्हणून चालू वर्षातच कोड दुरुस्त करून घ्यायचा.

स्वातीने चेकलिस्टवर ए निवडून ऑक्टोबरचा पगार निघायच्या आत पेरोलला दिली आणि पोचल्याचं ई-मेलवर लिहून घेतलं. ३१ ऑक्टोबरच्या स्लिपवर कोड `1257L` आला, `M1` गेला आणि ३४० पाउंड त्याच पगारात परत आले. हातात पडले २३८० पाउंड ६४ पेन्स, म्हणजे पत्रातल्या आकड्यापेक्षा जास्त. हा पगार कायमचा समजू नका. तो परतावा एकदाच येतो. डिसेंबरपर्यंत तिला टॅक्स शून्य राहील, जानेवारीत पाच पाउंड आणि फेब्रुवारीपासून दरमहा सुमारे २३० कापले जातील. तेव्हा "पुन्हा पगार कापला" म्हणून घाबरायचं कारण नाही, वर्षाची सूट संपत आली एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या बाबतीत पेरोलची तारीख उलटून गेली असेल, तर एचएमआरसीच्या ॲपवरून किंवा 0300 200 3300 या नंबरवर फोन करून कोड दुरुस्त करता येतो. तेव्हा तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. तो नंबर अजून आला नसेल तरी काम सुरू करता येतं. नंबर नाही म्हणून पगारच अडवला, तर मात्र ते चूक आहे. एक खबरदारी घ्या : दुसरी नोकरी चालू असताना जास्त पैसे हातात यावेत म्हणून ए निवडू नका. सूट एकच, ती दोन ठिकाणी लागली तर पुढे टॅक्स खातं वसूल करतं.

५२ पाउंड १६ पेन्स : नॅशनल इन्शुरन्स

ही रक्कम परत येत नाही. महिन्याला १०४८ पाउंडांवरच्या कमाईवर ८ टक्के, म्हणजे ६५२ वर ५२.१६. इन्कम टॅक्स वर्षाचा हिशेब धरतो, नॅशनल इन्शुरन्स मात्र प्रत्येक पगारापुरता बघतो. मागचे रिकामे महिने तिथे उपयोगी पडत नाहीत. यातून सरकारी पेन्शनसाठी तुमच्या वर्षांची नोंद होत राहते. आकडा बरोबर आहे की नाही, एवढं तपासायचं आणि पुढे जायचं.

४७ पाउंड २० पेन्स : पेन्शन

बावीस वर्षांवरच्या आणि वर्षाला दहा हजार पाउंडांपेक्षा जास्त कमावणाऱ्या कामगाराला मालकाने पेन्शन योजनेत आपोआप घ्यावंच लागतं. काही मालक तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलतात, स्वातीच्या मालकाने लगेच घेतलं. महिन्याला ५२० पाउंडांवरची कमाई यासाठी धरतात, तिची आली ११८०. त्यातले ४७.२० तिच्या पगारातून गेले. सरकारने टॅक्सची सूट म्हणून त्यात ११.८० घातले आणि मालकाने स्वतःच्या खिशातून ३५.४०. मिळून तिच्या नावावर जमा झाले ९४.४०. जेवढे गेले, त्याच्या दुप्पट.

मैत्रिणीचा सल्ला ऐकून ती बाहेर पडू शकली असती. योजनेत घेतल्यापासून महिन्याभरात तसं कळवलं तर कापलेले पैसे परत मिळतात. पण मग मालकाचे ३५.४० पगारात वाढवून मिळत नाहीत, ते मालकाकडेच राहतात. कर्जाचा हप्ता थकला असेल तर माणूस काय करणार, ते आम्ही समजू शकतो. मात्र "पेन्शन पैसे खाते" असं समजून बाहेर पडू नका. हा पैसा साधारणपणे पंचावन्न वर्षांच्या आधी काढता येत नाही, ही त्याची खरी अडचण. २०२८ पासून हे वय सत्तावन्न होणार आहे. परत गावी जायचं ठरलेल्या माणसाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. गावी गेलात तरी खातं तुमच्याच नावावर राहतं, म्हणून योजनेचं नाव आणि खाते नंबर जपून ठेवा.

शेवटचे १५० : इथे भांडायचं

स्लिपवर शेवटची ओळ होती ॲडमिन, १५० पाउंड. स्वातीने विचारलं तेव्हा ऑफिसातून उत्तर आलं की हा ट्रेनिंगचा, ओळखपत्राचा आणि कागदपत्रं तपासण्याचा खर्च, सगळ्यांकडूनच घेतो. तिला ते पटलंही होतं. "कंपनीने खर्च केला असेल, तर घेणारच की," ती म्हणाली.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १९९६ चा एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे पगारातून कापायला तीनच वाटा आहेत. एक, कायद्यानेच कापायला लावलेलं असेल, जसं टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स. दोन, कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं कलम असेल आणि ते तुम्हाला आधी लेखी कळवलेलं असेल. तीन, त्या कपातीला तुम्ही आधीच लेखी संमती दिली असेल. चुकून जास्त दिलेला पगार परत घेणं, असे काही अपवाद आहेत, पण ट्रेनिंगचा खर्च त्यांत बसत नाही. स्वातीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असं कलम नव्हतं आणि तिने कुठे सही केलेली नव्हती.

तिने हे विचारल्यावर दुसऱ्या दिवशी एक फॉर्म पुढे आला. "फॉर्मॅलिटी आहे, सही कर." हा सापळा ओळखा. ज्या गोष्टीसाठी पैसे कापले ती होऊन गेल्यावर घेतलेली संमती त्या कपातीला लागू पडत नाही. पण अशा फॉर्मवर मागची तारीख टाकलेली असली, तर पुढे तुम्हालाच खोटं ठरवलं जाऊ शकतं. स्वातीने सही केली नाही. घरी वाचून सांगते म्हणाली आणि फॉर्मचा फोटो काढून घेतला.

आता तासांचा हिशेब. सतरा दिवस, रोज साडेसात तास, म्हणजे साडेएकशे सत्तावीस तास. १७०० ला त्याने भागलं की तासाला १३ पाउंड ३३ पेन्स येतात. कागदावर ठीक. पण मालकाच्या स्वतःच्या फायद्यासाठी केलेली कपात किमान वेतन बघताना पगारातून वजा धरतात. १५५० ला भागलं तर येतात १२ पाउंड १६ पेन्स. एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२ पाउंड २१ पेन्स होतं. हा हिशेब ढोबळ आहे, पण मालकाला विचारण्यापुरता पुरेसा. आणि किमान वेतनाच्या खाली नेणारी अशी कपात तुमच्या सहीनेसुद्धा कायदेशीर होत नाही.

तिने ई-मेल लिहिला, चारच वाक्यांचा : सप्टेंबरच्या स्लिपवर ॲडमिन म्हणून १५० पाउंड कापले आहेत. माझ्या कॉन्ट्रॅक्टमधलं कोणतं कलम किंवा माझी कोणती लेखी संमती याला आधार आहे, ते कळवावं. तसं नसेल तर पुढच्या पगारात रक्कम परत करावी. या कपातीने माझं वेतन किमान वेतनाच्या खाली जातं, असंही दिसतं. कुठेही आरडाओरडा नाही, धमकी नाही. नोव्हेंबरच्या पगारात १५० परत आले, बरोबर एक शब्दही न लिहिता.

आले नसते तर पुढची पायरी होती एकास. तिथे 0300 123 1100 या नंबरवर फुकट सल्ला मिळतो, आणि ट्रायब्युनलमध्ये जाण्याआधी एकासकडे नोंद करावीच लागते. स्वातीच्या कपातीसाठी ही मुदत होती तीन महिन्यांना एक दिवस कमी. पगाराच्या तारखेपासून मोजायची. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत तीन पगार गेले की दावा हातचा जातो. बिनहक्काची कपात सोसत बसलेल्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान याच थांबण्याने होतं.

आमचं म्हणणं

आमचं मालकांना सांगणं असं की ए, बी, सी चा रकाना कोरा आला, तर पगार काढण्याआधी माणसाला बोलावून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. `0T` लावणं नियमाने बरोबर असेल, पण नव्या माणसाचे पहिल्याच महिन्यात ३४० पाउंड अडकवून "सगळ्यांचं होतं" म्हणणं बरोबर नाही. ऑफर लेटरसोबत एका पूर्ण महिन्याची नमुना पे स्लिप दिली, तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

आणि कामगारांना असं की राग योग्य ओळीवर काढा. स्वाती ३४० वरून मालकाशी भांडायला निघाली होती. भांडली असती, तर मालकाने टॅक्सचा नियम दाखवला असता, ती गप्प बसली असती, आणि त्या गप्प बसण्यात १५० सुद्धा मिटले असते. बहुतेक ठिकाणी असंच होतं. मोठ्या आकड्याचं स्पष्टीकरण खरं निघतं, मग छोट्या आकड्याबद्दल विचारायला तोंड उरत नाही.

कोणती कपात का झाली, हे स्लिपवर दिसणं हा नोकरीच्या पहिल्या पगारापासून तुमचा हक्क आहे. स्लिप मोबाईलवर येत असेल तर डाउनलोड करून ठेवा, कारण नोकरी सुटली की लॉगिनही बंद होतं. मग पेन घ्या आणि प्रत्येक कपातीपुढे लिहा : सरकारकडे गेली, माझ्या पेन्शनमध्ये गेली, की मालकाकडे राहिली? जी मालकाकडे राहिली, तिच्यापुढे कॉन्ट्रॅक्टचं कलम किंवा तुमची जुनी सही दाखवता आली पाहिजे. दाखवता आली नाही, तर ती रक्कम मागा. दीडशे असो, नाहीतर पंधरा.